ॲपल वॉचला टेस्लाची किल्ली बनवताना: जोडणी, चाचणी आणि बॅटरीच्या आकड्याचा खरा अर्थ

मनगटावरच्या घड्याळाने गाडी उघडायची सोय आता बऱ्याच कनेक्टेड गाड्यांत आहे, पण ती सगळीकडे सारखी चालत नाही. कित्येक गाड्यांत घड्याळ म्हणजे फक्त एक दूरचं बटण असतं. आपण दाबलं की हुकूम कंपनीच्या सर्व्हरकडे जातो, तिथून मोबाइल नेटवर्कने गाडीपर्यंत पोहोचतो आणि मग कुलूप उघडतं. टेस्लाने डिसेंबर 2024 मध्ये ॲपल वॉचसाठी स्वतःचं अधिकृत ॲप आणलं, त्यात या रस्त्याच्या जोडीला दुसराही रस्ता दिला. घड्याळ ब्लूटूथने थेट गाडीशी बोलतं आणि फोन जवळ नसला तरी किल्लीचं काम करतं.

हे दोन रस्ते वेगळे आहेत हे डोक्यात पक्कं असलं की पुढची जवळजवळ प्रत्येक अडचण उलगडते. तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी उघडते पण बॅटरीचा आकडा जुनाच दिसतो, किंवा ऑफिसात बसून आकडा ताजा दिसतो पण गाडीजवळ गेल्यावर दार उघडत नाही, अशा तक्रारींमागे बहुतेक वेळा एकच कारण असतं. एक रस्ता चालू असतो, दुसरा बंद. म्हणून या लेखात जोडणीइतकाच भर चाचणीवर आहे. मुंबईत बीकेसीतून 2025 मध्ये मॉडेल वाय घेतलेल्यांना आणि न्यू जर्सी किंवा बे एरियात आधीपासून टेस्ला चालवणाऱ्यांना कृती सारखीच लागू पडते.

आधी काय तपासायचं

घड्याळात watchOS 11 किंवा त्यापुढची आवृत्ती लागते. म्हणजे सिरीज 6 किंवा नंतरचं, दुसऱ्या पिढीचं एसई किंवा त्यानंतरचं, किंवा अल्ट्रा. सिरीज 5 आणि पहिलं एसई यांना ही आवृत्ती मिळत नाही, त्यामुळे तिथे प्रयत्न करत बसू नये. आयफोनवर टेस्लाचं ॲप 4.39.5 किंवा नंतरचं हवं. ॲप स्टोअरमधून आताचं ताजं घेतलं की हा प्रश्न उरत नाही. गाडीचं सॉफ्टवेअरही ताजं करून घ्यावं. जुन्या सॉफ्टवेअरवर जोडणी मध्येच अडते आणि दोष घड्याळात शोधण्यात वेळ जातो.

गाडीच्या पडद्यावर `Controls > Safety` मध्ये जाऊन `Allow Mobile Access` चालू आहे ना ते बघा. हे बंद असेल तर फोनचं ॲपही गाडीपर्यंत पोहोचत नाही, मग घड्याळाचं काय घेऊन बसलात! गाडी दुसऱ्या कुणाच्या नावावर असेल तर मालकाने आपल्या खात्यातून तुम्हाला ड्रायव्हर म्हणून जोडलेलं असावं. एकच लॉगिन घरात सगळ्यांनी वापरायचं, हा आपल्याकडचा सोपा मार्ग इथे टाळावा. घड्याळ हरवलं तर कुणाची किल्ली काढायची हेच मग कळत नाही.

गाडीसोबत मिळालेलं की कार्ड, म्हणजे किल्लीचं काम करणारं कार्ड, हाताशी ठेवा. नवी किल्ली जोडायला आणि जुनी काढायला गाडी तेच कार्ड मागते.

शेवटची गोष्ट घड्याळाच्या सुरक्षेची. आयफोनवरच्या Watch ॲपमध्ये `Passcode` उघडा, पासकोड लावा आणि `Wrist Detection` चालू ठेवा. पासकोड नसलेलं घड्याळ टेबलावर राहिलं तर ते उचलणाऱ्याच्या हाती गाडीचं कुलूप येतं. मनगटावरून काढलं की घड्याळ आपोआप लॉक झालं पाहिजे.

जोडणी

आधी फोनवर ॲप चालू करून गाडी त्यात दिसते आहे, कुलूप लागतंय-उघडतंय याची खात्री करा. मग Watch ॲपमधल्या `My Watch` या पानावर खाली जा. `Available Apps` या यादीत Tesla दिसेल, त्यापुढचं `Install` दाबा. फोनवरची ॲप्स घड्याळावर आपोआप घेण्याची सोय चालू असेल तर ते आधीच आलेलं असतं.

आता गाडीत जाऊन बसा. ही पायरी घरातल्या सोफ्यावरून होत नाही, कारण किल्लीची नोंद गाडीच्या आत होते आणि तीही ब्लूटूथवरून. दारं लावून घ्या, गाडीचा पडदा जागा असू द्या. घड्याळावर टेस्लाचं ॲप उघडा. ब्लूटूथची परवानगी मागितली तर द्या. ती इथे नाकारली गेली तर ॲप नुसतं फिरत राहतं आणि कारण सांगत नाही. किल्ली जोडण्याचा पर्याय समोर आला की त्यावर टॅप करा आणि सूचना आल्यावर की कार्ड सेंटर कन्सोलवरच्या रीडरवर ठेवा. रीडरची जागा मॉडेल आणि वर्षानुसार थोडी बदलते. कार्ड ओळखलं गेलं नाही तर ते उचलून थोडं पुढे-मागे सरकवून पुन्हा ठेवा. त्या जागी फोन, नाणी किंवा दुसरं कार्ड असेल तर आधी काढून घ्या.

जोडणी झाल्याचा पुरावा घड्याळावर शोधू नका, गाडीत शोधा. `Controls > Locks` उघडलं की किल्ल्यांची यादी दिसते. तिथे घड्याळाची वेगळी नोंद आली असेल तर काम झालं. फोनची किल्ली आणि घड्याळाची किल्ली या दोन स्वतंत्र नोंदी असतात. पेन्सिलच्या चिन्हावर टॅप करून तिला ओळखू येईल असं नाव आत्ताच द्या. घरात दोन फोन, दोन घड्याळं आणि दोन कार्डं झाली की सहा महिन्यांनी कुठली नोंद कुणाची ते आठवत नाही. गाडी एकूण 19 किल्ल्या लक्षात ठेवते, पण ब्लूटूथने एका वेळी तीनच उपकरणांशी जोडलेली राहते. चौघांच्या कुटुंबात प्रत्येकाकडे फोन आणि घड्याळ असेल आणि सगळे गाडीभोवती उभे असतील, तर एखाद्याची किल्ली मधूनच काम न करण्यामागे ही मर्यादा असू शकते.

याच यादीत किल्लीला ड्रायव्हर प्रोफाइल जोडता येतं. ते जोडून घ्याच. नाहीतर फोन घरी ठेवून फक्त घड्याळाने गाडी उघडली की सीट आणि आरसे दुसऱ्याच माणसाच्या मापाने लागलेले मिळतात.

चाचणी: फोन घरात ठेवून

बहुतेक जण फोन खिशात ठेवूनच घड्याळ तपासतात. गाडी उघडते, समाधान होतं, पण प्रत्यक्षात ती फोनने उघडलेली असते. फोनचा ब्लूटूथ कंट्रोल सेंटरमधून बंद करूनही खात्री होत नाही, कारण तिथून तो पूर्ण बंद होत नाही आणि घड्याळाशी असलेलं नातं चालूच राहतं. सरळ उपाय म्हणजे फोन घरात ठेवून खाली जाणं. इमारतीत वरच्या मजल्यावर राहत असाल तर अंतर आपोआप मिळतं. बंगल्याच्या दारातच गाडी उभी असेल तर फोन पूर्ण बंद करा, कारण ब्लूटूथची पोच साधारण 9 मीटर धरली जाते.

पहिली चाचणी ब्लूटूथची. घड्याळ एअरप्लेन मोडवर टाका. यात वाय-फाय आणि मोबाइल नेटवर्क बंद होतं, ब्लूटूथ मात्र मूळ सेटिंगमध्ये चालू राहतो. तरी एकदा नजर टाकून खात्री करा. आता गाडीजवळ उभं राहून ॲप उघडा आणि कुलूप लावा, उघडा. काम झालं तर घड्याळ खरोखर किल्ली झालं आहे, कारण त्या क्षणी इंटरनेटचा संबंधच नाही. दार उघडून आत बसा, ब्रेक दाबा आणि गाडी गिअरमध्ये येते का तेही बघा. कुलूप उघडणं आणि गाडी चालवायला परवानगी मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी रस्त्यात कळण्यापेक्षा घराखाली कळलेली बरी.

दुसरी चाचणी इंटरनेटची. एअरप्लेन मोड काढा, फोन पूर्ण बंद करा आणि घरच्या वाय-फायवर घड्याळात ॲप उघडा. गाडी लांब असताना बॅटरीचा आकडा येतो का, कुलूपाचा हुकूम पोहोचतो का, ते पाहा. पार्क केलेली टेस्ला थोड्या वेळाने झोपते. तिला जागं व्हायला काही सेकंद, कधी अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ लागतो. तेवढं थांबा, पुन्हा पुन्हा दाबू नका. घड्याळ फक्त जीपीएसचं असेल, म्हणजे त्याला स्वतःचं मोबाइल कनेक्शन नसेल, तर बाहेर फोनशिवाय हा रस्ता मिळणार नाही. ओळखीचं वाय-फाय असेल तिथेच चालेल. ब्लूटूथचा रस्ता मात्र दोन्ही प्रकारच्या घड्याळांत सारखाच आहे.

पहिली चाचणी फसली आणि दुसरी जमली तर किल्लीची जोडणी नीट झालेली नाही. यादीतली घड्याळाची नोंद काढून गाडीत बसून पुन्हा करा. पहिली जमली आणि दुसरी फसली तर खातं, नेटवर्क किंवा गाडीचं स्वतःचं नेटवर्क यात बघायचं. दोन तळघरं खाली उभ्या असलेल्या गाडीला मोबाइलची रेंजच नसेल तर घड्याळ कितीही चांगलं असलं तरी लांबून हुकूम पोहोचणार नाही. तिथे जवळ जाऊनच उघडायची.

रोजच्या वापरात कुठे अडतं

घड्याळावर ॲप पार्श्वभूमीत किती वेळ चालू द्यायचं हे watchOS ठरवतं आणि ते फोनपेक्षा जास्त काटकसरीने ठरवतं. त्यामुळे फोन खिशात असताना दाराचं हँडल दाबताच गाडी उघडते, तसं घड्याळाने दर वेळी होईलच असं नाही. दार उघडलं नाही तर हँडल ओढत राहण्याऐवजी घड्याळावर ॲप उघडा, पडदा चालू ठेवा आणि जोडलं जाण्याची वाट बघा. ॲप घड्याळाच्या चेहऱ्यावर ठेवलं की एका टॅपमध्ये उघडतं, त्यासाठीची कृती पुढे दिली आहे.

लो पॉवर मोड हे दुसरं नेहमीचं कारण. घड्याळ त्या मोडमध्ये असलं आणि फोन जवळ नसला की वाय-फाय आणि मोबाइल नेटवर्क बंद पडतं, म्हणजे लांबून बॅटरी दिसायची थांबते. दिवसाच्या शेवटी घड्याळाची बॅटरी 10 टक्क्यांवर आली आणि सूचनेला होकार दिला गेला की हे न कळत होतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र आपोआप कुलूप लागण्याच्या सोयीशी निगडित आहे. `Walk-Away Door Lock` चालू असताना आपण किल्ली घेऊन दूर गेलो की गाडी स्वतः कुलूप लावते. पण एखादी किल्ली आतच आहे असं तिला वाटलं तर ती लावत नाही. घड्याळ मनगटावर आहे म्हणून निर्धास्त होऊन फोन गाडीतल्या चार्जरवरच ठेवून जाणारे इथे फसतात, कारण तो फोनही किल्लीच आहे. अशा वेळी गाडी उघडीच राहते. फोन आत ठेवायचाच असेल तर उतरल्यावर घड्याळावरून हाताने कुलूप लावा आणि आरसे मिटले, दिवे लुकलुकले हे डोळ्यांनी बघा. `Locks` मध्ये कुलूप लागल्याचा आवाज चालू करून ठेवला तर अंधारात किंवा गर्दीत खात्री होते.

उलटी अडचण बंगल्यात किंवा तळमजल्यावर येते. गाडी खिडकीबाहेर उभी, घड्याळ मनगटावर, आणि आपण हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यात फिरतो आहोत. गाडीला किल्ली कधी जवळ वाटते, कधी लांब, आणि कुलपाचा आवाज येत राहतो. घरी गाडी स्वतःहून कुलूप लावायला नको असेल तर याच सेटिंगमध्ये `Exclude Home` आहे. तो घेतला तर घरी कुलूप स्वतः लावायची जबाबदारी आपली. रस्त्यावर पार्किंग असलेल्या वस्तीत तो न घेतलेलाच बरा.

घड्याळ ही किल्ली आहे हे मान्य केलं की `Controls > Safety` मधला `PIN to Drive` लावणं ओघाने आलं. चार आकडे टाकल्याशिवाय गाडी हलत नाही. मनगटावरची किल्ली दिवसभर आपल्यासोबत जलतरण तलावापासून जिमपर्यंत फिरते, तिथे ती काढून ठेवली जाते, म्हणून हा दुसरा अडसर हवाच.

बॅटरीचा आकडा आणि रेंज

आकडा घड्याळाच्या चेहऱ्यावर ठेवायला चेहरा दाबून धरा, `Edit` घ्या, डावीकडे सरकत `Complications` पर्यंत या, मोकळ्या जागेवर टॅप करा आणि क्राउन फिरवून Tesla निवडा. हा आकडा सतत ताजा राहत नाही. चेहऱ्यावरची माहिती तासाला मोजक्याच वेळा ताजी करायची मुभा watchOS देतं आणि गाडी झोपलेली असेल तर तिच्याकडून नवी माहितीही येत नाही. चार्जिंग चालू असताना चेहऱ्यावर 54 आणि ॲपमध्ये 61 दिसलं तर बिघाड नाही. निघण्याचा निर्णय घ्यायचा असेल तर ॲप उघडूनच बघा.

दिवसभर दर दहा मिनिटांनी ॲप उघडण्याचीही सवय लावू नका. त्याने गाडी पुन्हा पुन्हा जागी होऊ शकते आणि जाग्या गाडीला वीज लागते. नुसत्या उभ्या गाडीत दिवसाला सुमारे 1 टक्का जाणं टेस्ला नेहमीचं धरते. त्याहून बरंच जास्त जात असेल तर आधी उभ्या गाडीभोवती कॅमेऱ्याने पहारा ठेवणारा `Sentry Mode` बघा, मग सतत माहिती ओढणारी इतर ॲप्स.

टक्क्यावरून किलोमीटर काढताना कंपनीने जाहीर केलेल्या रेंजवर जाऊ नका. भारतात आलेल्या रिअर व्हील ड्राइव्ह मॉडेल वायची डब्ल्यूएलटीपी या प्रमाणित चाचणीतली रेंज 500 किलोमीटर सांगितली जाते, म्हणजे टक्क्याला 5 किलोमीटर. द्रुतगती मार्गावर एसी लावून चालवताना तो हिशोब जमत नाही. गाडीतल्या Energy ॲपमध्ये आपल्या अलीकडच्या वापरावरून काढलेला अंदाज दिसतो, त्यावरून स्वतःचा दर ठरवा. समजा तुमचा दर टक्क्याला 3.8 किलोमीटर येतो.

आता सकाळी घड्याळात 62 टक्के दिसले आणि मुंबईहून पुण्याला जायचं आहे. अंतर 150 किलोमीटर धरलं तर 150 भागिले 3.8, म्हणजे सुमारे 40 टक्के. पण वाटेत घाट आहे. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे 620 मीटरवर आहे. माणसं आणि सामान धरून 2,100 किलोची गाडी 600 मीटर वर न्यायला 3.4 किलोवॅट-तास ऊर्जा लागते, मोटारीतला ऱ्हास धरून सुमारे 4. बॅटरी अंदाजे 60 किलोवॅट-तासांची आहे, म्हणजे घाटाचे आणखी 6 ते 7 टक्के. पुणेही सुमारे 560 मीटरवर असल्याने उतारावर यातलं फारसं परत मिळत नाही. एकूण 47 टक्के गेले, हाती 15 उरले. खालापूरला पोहोचेपर्यंत पाऊस आणि उलटा वारा लागला तर त्यातले आणखी काही जातील, म्हणून वाटेत छोटं चार्जिंग ठरवून निघावं. परतीला हाच घाट उतार होतो आणि त्याच 150 किलोमीटरना कमी टक्के लागतात.

बॅटरी एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची असेल तर आकड्याबाबत आणखी एक काळजी घ्यावी लागते. या बॅटरीचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे नेमके किती टक्के उरले हे गाडीला ओळखणं अवघड जातं. म्हणून अशा गाडीच्या चार्जिंगच्या पडद्यावर आठवड्यातून एकदा 100 टक्के भरण्याची सूचना असते. ती पाळली नाही तर अंदाज हळूहळू सरकतो आणि घड्याळावर दिसणारे 12 टक्के खरे किती याची खात्री राहत नाही.

घड्याळ बदललं, विकलं किंवा हरवलं तर

नवं घड्याळ घेतल्यावर जुन्याची किल्ली गाडीच्या यादीतून आपोआप जात नाही. `Controls > Locks` मध्ये त्या नोंदीपुढचं कचराकुंडीचं चिन्ह दाबा आणि की कार्ड ठेवून नक्की करा. नवं घड्याळ पहिल्यापासून जोडावं लागतं, बॅकअपमधून किल्ली येत नाही असंच धरून चला.

हरवलं तर दोन्ही रस्ते वेगवेगळे बंद करायचे. Find My मधून घड्याळ ताबडतोब Lost Mode वर टाका. टेस्ला खात्याचा पासवर्ड बदला, म्हणजे इंटरनेटचा रस्ता बंद होतो. पण ब्लूटूथच्या किल्लीची नोंद गाडीच्या आत असते, पासवर्ड बदलून ती पुसली जाईल असं धरून बसू नका. गाडीपाशी जाऊन कार्डाने नोंद काढा. यासाठी एक की कार्ड पाकिटात आणि दुसरं घरात ठेवलेलं असावं. ते बॅटरीवर चालत नाही, आणि फोन व घड्याळ दोन्ही संपलेले असताना दारामागच्या खांबावर ते टेकवून गाडी उघडता येते.